एकच मेनू, दोन बेरजा: आहाराचा तक्ता नेमका कुठे चुकतो

प्रश्न : मी नाशिकला गृहविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकात 55 किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी एका दिवसाचा संतुलित आहार बसवायचा होता. मी आणि मैत्रिणीने मेनू एकच घेतला. तरी माझी बेरीज 2404 किलोकॅलरी आली आणि तिची 1417. मी सगळे पदार्थ शिजल्यावर काट्यावर मोजले होते. जुन्या पुस्तकात गरज 1900 दिली आहे, मॅडम 1660 धरायला सांगतात. अन्नगटांचा तक्ताही मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावांनी मागितला आहे. शेंगदाणे, बटाटा, साबुदाणा कुठल्या गटात टाकायचे तेही कळत नाही. दोघींचे तक्ते सोबत पाठवते आहे.

उत्तर : आधी गरजेचा आकडा ठरवू, कारण कुठे पोचायचं हे ठरल्याशिवाय बेरीज बरोबर की चूक ते सांगता येणार नाही.

1900 आणि 1660 हे दोन्ही आकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांचेच आहेत. पहिला 2010 च्या शिफारशींतला, दुसरा 2020 च्या. दोन्हीत स्त्रीचं वजन 55 किलोच धरलं आहे. बदलला तो हिशेब. पूर्ण विश्रांतीतही हृदय, श्वास, मेंदू, शरीराचं तापमान यांवर जी ऊर्जा खर्च होते तिला मूलभूत चयापचय दर म्हणतात. त्याला कामाच्या गुणकाने गुणलं की दिवसाची गरज मिळते. 2010 मध्ये 55 किलोच्या तरुण स्त्रीचा हा दर सुमारे 1240 किलोकॅलरी आणि बैठ्या कामाचा गुणक 1.53 धरला होता. 2020 मध्ये दर सुमारे 1185 आणि गुणक 1.40 धरला. दोन्ही गुणाकार करून पाहा, 1900 आणि 1660 च्या अगदी जवळ येतील. मध्यम श्रमाचा गुणक दोन्ही वेळा 1.8 च राहिला, म्हणून 2020 च्या यादीत मध्यम श्रमाच्या स्त्रीची गरज 2130 आहे. मॅडमचं बरोबर आहे, 1660 धर. फक्त तक्त्याच्या डोक्यावर ‘2020 च्या शिफारशींनुसार’ असं लिही, म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात शंका राहणार नाही.

तोंडी परीक्षेत इथेच एक प्रश्न हमखास येतो. याच शिफारशींतला रोजच्या प्रथिनांचा 45.7 ग्रॅमचा आकडा आणि ऊर्जेचा 1660 चा आकडा एकाच पद्धतीने काढलेले नाहीत. प्रथिनांची सरासरी गरज किलोमागे 0.66 ग्रॅम आहे, पण बहुतेक सगळ्यांचीच गरज भागावी म्हणून शिफारस वाढवून 0.83 केली. ऊर्जेत अशी वाढ करत नाहीत, कारण गरजेपेक्षा जास्त गेलेली ऊर्जा चरबी होऊन साठते. म्हणून प्रथिनं 45.7 च्या थोडी वर गेली तर चालतं. ऊर्जा मात्र 1660 च्या आसपासच राहायला हवी. 50 किलोकॅलरी इकडेतिकडे झाल्या तर चालतील, 300 नाही.

आता तुमच्या बेरजा. दोघींची चूक वेगवेगळी आहे आणि दोन्ही चुका दरवर्षी वहीत दिसतात.

तू शिजलेल्या पदार्थाचं वजन घेतलंस आणि त्याला कच्च्या धान्याचा आकडा लावलास. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘तांदूळ’ म्हणजे कोरडा, कच्चा तांदूळ असतो. त्याच्या 30 ग्रॅममध्ये साधारण 100 किलोकॅलरी असतात. भात होताना तांदूळ पाणी पितो आणि वजन अडीच ते तीन पट होतं. पाण्यात ऊर्जा नसते, त्यामुळे भाताच्या 30 ग्रॅममध्ये 100 नव्हे, 35 ते 40 किलोकॅलरीच असतात. तुझ्या वाटीत 125 ग्रॅम भात होता. तो कच्चा तांदूळ समजून तू 417 लिहिलंस. खरा तांदूळ होता सुमारे 45 ग्रॅम, म्हणजे 150. वरणात याहून मोठा घोटाळा झाला. 150 ग्रॅम पातळ वरणात डाळ 30 ग्रॅमच होती, पण तुझ्या तक्त्यात 150 ग्रॅम तूरडाळ पडली आणि 100 च्या जागी 500 आले. मोड आलेली मटकी 60 ग्रॅम होती, ती कोरड्या मटकीच्या आकड्याने 200 झाली. प्रत्यक्षात ती 30 ग्रॅम कोरडी मटकी, म्हणजे 100. तिन्ही मिळून 767 किलोकॅलरी फुकट वाढल्या. त्या वजा केल्या की 2404 चे 1637 होतात.

ही चूक वहीत ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रथिनांचा रकाना. तुझ्या तक्त्यात प्रथिनं 92 ग्रॅम आली आहेत. 55 किलोची, बैठं काम करणारी, अंडी-मांस न खाणारी स्त्री साध्या वरण-भात-पोळीच्या जेवणात 92 ग्रॅमवर पोचत नाही. शाकाहारी मेनूत प्रथिनं 70 च्या वर दिसली की ऊर्जेची बेरीज तपासण्याआधी डाळीचं वजन तपास.

मैत्रिणीने वजनं कच्चीच घेतली आहेत, पण तेल आणि साखर कुठेच लिहिलेली नाही. मेनूत ‘मेथीची भाजी’ लिहितात, ‘मेथी आणि एक चमचा तेल’ असं कुणी लिहीत नाही, त्यामुळे फोडणी विसरली जाते. 20 ग्रॅम तेलाच्या 180 आणि दोन चहांतल्या 10 ग्रॅम साखरेच्या 40 अशा 220 किलोकॅलरी तिच्याकडे कमी पडल्या. 1417 मध्ये त्या मिळवल्या की पुन्हा 1637 च येतात. म्हणजे तुम्हा दोघींचं ताट मुळात बरोबर होतं, आकडे चुकीच्या जागी बसले होते.

शिजलेलं वजनच हाताशी असेल तर काय करायचं? घरातल्या पूर्ण स्वयंपाकावरून प्रमाण काढायचं. समज, चौघांसाठी 200 ग्रॅम तांदूळ लावला. कुकरमधला सगळा भात 550 ग्रॅम भरला. जिचा आहार मोजायचा तिच्या ताटात 125 ग्रॅम वाढला. 125 भागिले 550 गुणिले 200, म्हणजे सुमारे 45 ग्रॅम तांदूळ. वरणाचंही असंच: डाळ 120 ग्रॅम, तयार वरण 600 ग्रॅम, ताटात 150, म्हणून डाळ 30 ग्रॅम. वरणाला ‘एक वाटी म्हणजे अमुक’ असा ठरावीक आकडा लावू नकोस. एका घरी घट्ट गोडं वरण असतं, दुसरीकडे पातळ फोडणीचं. वाटी तीच राहते आणि डाळ दुप्पट होते. पोळीला हा त्रास कमी, कारण कणीक मळण्याआधी मोजता येते. मध्यम पोळीला 30 ग्रॅम कणीक आणि बाजरीच्या भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरायला हरकत नाही. भाकरी थापणारा हात जड असेल तर पीठ 80 ग्रॅमपर्यंतही जातं, तेव्हा एकदा तरी मोजून घे.

भाजीला उलट काळजी घ्यावी लागते. तिथे वजन कच्चंच घ्यायचं, पण निवडल्यानंतरचं. बाजारातून आणलेल्या मेथीच्या जुडीतले देठ आणि मुळं टाकल्यावर वजन खूप कमी होतं. तक्त्यातले 100 ग्रॅम म्हणजे खायची पानं, जुडी नव्हे. शेंगांतल्या मटारचं आणि सालासकट फळांचंही असंच.

आता तो दोन भाषांतला तक्ता. पोषण संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेतली ‘प्रमाण’ पद्धत इथे सोयीची पडते. प्रत्येक गटाचं एक ठरावीक कच्चं वजन घ्यायचं आणि त्या गटातल्या सगळ्या पदार्थांना एकच सरासरी आकडा लावायचा. मग ज्वारीच्या जागी बाजरी किंवा तुरीच्या जागी मूग आला तरी बेरीज नव्याने करावी लागत नाही.

| गट | इंग्रजी नाव | त्यात काय येतं | एक प्रमाण (कच्चं, खाण्याजोगं) | ऊर्जा (किलोकॅलरी) | प्रथिने (ग्रॅम) | स्निग्ध (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|---|---|
| तृणधान्ये व भरडधान्ये | सीरियल्स अँड मिलेट्स | गहू, तांदूळ, पोहे, ज्वारी, बाजरी, नागली, भगर | 30 ग्रॅम | 100 | 3 | 0.8 |
| डाळी व कडधान्ये | पल्सेस अँड लेग्यूम्स | तूर, मूग, हरभरा, मटकी, चवळी | 30 ग्रॅम | 100 | 6 | 0.7 |
| दूध व दुधाचे पदार्थ | मिल्क अँड मिल्क प्रॉडक्ट्स | दूध, दही | 100 मिली | 70 | 3 | 3 |
| अंडी | एग्ज | एक अंडं | 50 ग्रॅम | 85 | 7 | 7 |
| मांस, मासे | मीट, पोल्ट्री अँड फिश | कोंबडी, मटण, मासे | 50 ग्रॅम | 100 | 9 | 7 |
| कंदमुळे | रूट्स अँड ट्यूबर्स | बटाटा, रताळं, सुरण | 100 ग्रॅम | 80 | 1.3 | – |
| हिरव्या पालेभाज्या | ग्रीन लीफी व्हेजिटेबल्स | मेथी, पालक, चाकवत, शेपू | 100 ग्रॅम | 46 | 3.6 | 0.4 |
| इतर भाज्या | अदर व्हेजिटेबल्स | वांगी, दुधी, गवार, टोमॅटो, काकडी | 100 ग्रॅम | 28 | 1.7 | 0.2 |
| फळे | फ्रूट्स | पेरू, पपई, संत्रं | 100 ग्रॅम | 40 | – | – |
| सुकामेवा व तेलबिया | नट्स अँड ऑइल सीड्स | शेंगदाणे, तीळ, कारळे | 15 ग्रॅम | 85 | 4 | 6 |
| तेल व तूप | फॅट्स अँड ऑइल्स | शेंगदाणा तेल, तूप, लोणी | 5 ग्रॅम | 45 | – | 5 |
| साखर व गूळ | शुगर्स | साखर, गूळ | 5 ग्रॅम | 20 | – | – |

अभ्यासक्रमात पाचच गट मागितले असतील तर दूध, अंडी, मांस एकत्र कर, कंदमुळं, भाज्या आणि फळं एकत्र कर, तेलबिया, तेल आणि साखर एकत्र कर. हिशेबाच्या पानावर मात्र गट वेगळेच ठेव. पेरू आणि बटाटा एकाच ओळीत लिहिले की 40 आणि 80 ची सरमिसळ होते.

शेंगदाणा वनस्पतिशास्त्राने शेंगवर्गातला आहे, म्हणून बऱ्याच मुली तो डाळींत लिहितात. पण त्यात सुमारे 40 टक्के तेल असतं आणि डाळींत बहुतेक 1 ते 5 टक्के. त्याला डाळीचा आकडा लावला तर 30 ग्रॅमला 170 च्या जागी 100 च पडतील. म्हणून तो तेलबियांत. बटाटा भाजी म्हणून खातात, पण काम पिष्टाचं करतो, म्हणून कंदमुळांत. आणि साबुदाणा! तो टॅपिओकाच्या कंदाचं जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. 30 ग्रॅममध्ये ऊर्जा धान्याइतकीच मिळते, प्रथिनं मात्र नावालाही नसतात. त्याला धान्याच्या ओळीत टाकलं तर प्रत्येक प्रमाणामागे 3 ग्रॅम प्रथिनं खोटी मोजली जातात. उपवासाचा मेनू करायला सांगितला तर भगर आणि राजगिरा धान्याच्या ओळीत चालतात, साबुदाणा वेगळा लिही.

फळांच्या ओळीबद्दल नाशिककरांनी विशेष जपायला हवं. 40 ही सरासरी पेरू, पपईला बसते. द्राक्षांच्या 100 ग्रॅममध्ये 60 च्या वर किलोकॅलरी असतात, केळ्यात 100 च्या वर. हंगामात तुझ्या मेनूत द्राक्षं असणारच, तेव्हा तिथे दीड प्रमाण धर.

आता मेनू, कच्च्या वजनांसह. सकाळी 45 ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे, त्यात 40 ग्रॅम बटाटा, 5 ग्रॅम शेंगदाणे आणि एक चमचा तेल. सोबत 50 मिली दुधाचा, 5 ग्रॅम साखरेचा चहा. दुपारी 30 ग्रॅमच्या दोन पोळ्या, 45 ग्रॅम तांदळाचा भात, 30 ग्रॅम तुरीचं गोडं वरण, 100 ग्रॅम मेथी आणि 60 ग्रॅम बटाट्याची भाजी एक चमचा तेलात, 100 ग्रॅम दही. संध्याकाळी सकाळसारखाच चहा आणि एक पेरू. रात्री 60 ग्रॅम पिठाची बाजरीची भाकरी, 30 ग्रॅम मटकीची उसळ, 100 ग्रॅम वांग्याची भाजी, दोन्हींत एकेक चमचा तेल, 100 ग्रॅम काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि भाजी-कोशिंबिरीत मिळून 10 ग्रॅम शेंगदाण्याचं कूट. झोपताना 100 मिली दूध, बिनसाखरेचं.

प्रमाणं मोज. धान्याची 7, म्हणजे 700 किलोकॅलरी. डाळींची 2, 200. दुधाची 3, 210. कंदाचं 1, 80. पालेभाजीचं 1, 46. इतर भाज्यांची 2, 56. फळाचं 1, 40. शेंगदाण्याचं 1, 85. तेलाची 4, 180. साखरेची 2, 40. एकूण 1637. प्रथिनं याच क्रमाने मिळवली तर 54 ग्रॅम येतात, म्हणजे 45.7 च्या वर. धान्य 210 ग्रॅम आणि डाळ 60 ग्रॅम, म्हणजे साडेतीनास एक. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळ भरून काढते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. पोळीसोबत नुसती बटाट्याची भाजी दिली की ही जोडी तुटते. प्रथिनांचा आकडा थोडाच उतरतो, त्यांचा दर्जा मात्र जास्त उतरतो.

शेवटी ही ऊर्जा कुठून आली ते पाहायचं. प्रथिनं आणि कर्बोदकं, म्हणजे प्रोटीन्स आणि कार्बोहायड्रेट्स, ग्रॅममागे 4 किलोकॅलरी देतात. स्निग्ध पदार्थ, म्हणजे फॅट्स, 9 देतात. प्रथिनं 54 गुणिले 4, साधारण 217, म्हणजे एकूण ऊर्जेच्या 13 टक्के. स्निग्ध पदार्थ सगळ्या गटांतून मिळून सुमारे 43 ग्रॅम, म्हणजे 385 किलोकॅलरी, 24 टक्के. उरलेले 63 टक्के कर्बोदकांचे. वरून दिसणारं तेल 20 ग्रॅमच होतं, तरी एकूण 43 झाले हे लक्षात घे. बाकीचे 23 ग्रॅम दूध, शेंगदाणे आणि थोडे धान्यातून आले. यांना अदृश्य स्निग्ध म्हणतात, आणि टक्केवारी काढताना नेमके तेच सुटतात. फक्त तेल मोजलं तर 11 टक्के येतील आणि आहार तेलात कमी पडतो असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

कर्बोदकांचे ग्रॅम वेगळे मोजून 4-4-9 ने बेरीज केलीस तर 1637 ऐवजी 1580 च्या आसपास येईल. घाबरू नकोस. प्रमाणांचे आकडे सोयीसाठी पूर्णांकात आणलेले असतात. दुधाचंच बघ, 3 ग्रॅम प्रथिनं, 5 ग्रॅम कर्बोदकं, 3 ग्रॅम स्निग्ध यांचे 59 होतात, तक्त्यात 70 आहेत. एवढा फरक चालतो. फक्त एका वहीत एकच पद्धत शेवटपर्यंत वापर.

तेलाचा चमचा हा यातला सर्वांत निसटता भाग. तक्त्यातला चमचा 5 ग्रॅमचा, म्हणजे चहाचा छोटा चमचा. घरात फोडणीला हाताशी येतो तो पोह्यांचा चमचा, त्यात 13-14 ग्रॅम तेल मावतं. चार चमचे तेच असतील तर 20 चे 54 ग्रॅम होतात आणि 1637 चे 1940 च्या वर जातात, तक्त्यात मात्र काहीच बदललेलं दिसत नाही. म्हणून प्रत्यक्ष घरचा आहार नोंदवताना चमचे विचारू नकोस, महिन्याचं तेल विचार. माणशी रोज 20 ग्रॅम म्हणजे महिन्याला 600 ग्रॅम. चार मोठ्या माणसांच्या घरात 2.4 किलो, साधारण 2.6 लिटर. त्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर चमच्यांचा आकडा खरा नाही. बाहेर खाल्लेलंही यात धरायला हवं. मिसळीत मटकीची उसळ आहे, पाव आहे, दोन्ही मोजता येतात, पण तर्री आणि फरसाणातलं तेल घरच्या डब्यात दिसत नाही. ते वेगळ्या ओळीत लिही.

पुढच्या प्रात्यक्षिकात बहुधा हीच स्त्री मध्यम श्रमाची करून देतील, द्राक्षबागेत छाटणीला किंवा खुडणीला जाणारी. 2130 वर जायचं तर सगळी प्रमाणं सरसकट वाढवू नकोस. धान्याची 3, डाळीचं 1 आणि तेलाचं 1 प्रमाण वाढव. 445 किलोकॅलरी वाढून 2082 होतात, प्रथिनं 69 ग्रॅम होतात. वर सांगितलेल्या 70 च्या खुणेजवळ ती आली तरी इथे ते बरोबर आहे, कारण डाळ खरंच 90 ग्रॅम आणि धान्य 300 ग्रॅम झालं आहे. डबा नेणारी असेल तर वाढीव भाकरी आणि घट्ट पिठलं दुपारच्या डब्यातच घाल. रात्री एकदम तीन भाकऱ्या लिहिल्या तर बेरीज जुळेल, पण दिवसभर राबताना तिच्या पोटात काही नसेल.